‘आमचा माणूस ठरलेला आहे’ म्हटल्यावर फोनवर काय बोलावं?

*ताई, नमस्कार. मी पारोळ्याचा, वय २४. जळगावला इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्तीच्या दुकानात नोकरीला आहे. हंगामाआधी आडत्यांना आणि दालमिलवाल्यांना फोन करून काट्यांच्या वार्षिक देखभालीचा करार विकायचं काम मालकांनी माझ्याकडे दिलंय. त्यांनी छापील कागद दिलाय: ‘नमस्कार सर, आम्ही वजनकाट्यांच्या देखभाल सेवेत अग्रेसर असून आपला दोन मिनिटांचा बहुमूल्य वेळ मिळेल का?’ मी वाचायला लागलो की लोक फोन ठेवतात. जे ठेवत नाहीत ते म्हणतात, ‘आमचा माणूस ठरलेला आहे’, आणि तिथे माझी वाचाच बसते. एकदोनदा वाद घातला, ते अंगाशी आलं. बोलल्यासारखं वाटेल असं काय बोलू, आणि या वाक्याला उत्तर काय देऊ?*

*— एक वाचक, जळगाव*

भाऊ, कागदावरची भाषा बदलायच्या आधी फोनवर तुम्ही काय मागताय ते बदला. करार फोनवर मागू नका. समोरच्या आडत्याकडे किती काटे आहेत, कोणत्या क्षमतेचे आहेत, किती जुने आहेत, त्यातला कोणता कुरकुर करतो, हे तुम्हाला माहीत नाही. तुमचं दुकान कुठलं, तुमच्या कारागिराचा हात कसा, हे त्यांना माहीत नाही. अशा वेळी वर्षभराचे पैसे मागितले की ‘नको’ म्हणणं हाच शहाणपणा आहे, आणि ते तेच करतात. फोनवर मागायची गोष्ट एकच: अमुक दिवशी तुमच्या मार्केटात येतोय, दहा मिनिटं येऊन काटा बघून जाऊ का? एवढ्याला ‘या’ म्हणायला माणसाला फार विचार करावा लागत नाही. कराराची गोष्ट काट्यापाशी उभं राहून होते.

मागणं लहान झालं की बोलणं आपोआप मोकळं होतं. तुमच्या कागदावरचं वाक्य वाचताना मध्ये श्वास घ्यायला जागा नाही, म्हणून ऐकणाऱ्याला लगेच कळतं की हा वाचतोय. आणि वाचणाऱ्या माणसाचा फोन ठेवताना कोणाला वाईट वाटत नाही. तेव्हा पहिलं बोलणं असं करून बघा:

‘रामराम शेठ. मी जळगावहून बोलतोय,’ मग तुमचं नाव, ‘आमचं काटे दुरुस्तीचं दुकान आहे. आपली ओळख नाही, पहिल्यांदाच फोन करतोय. माल मोजायची गडबड असेल तर नंतर करतो. नाहीतर एका मिनिटात सांगतो कशासाठी केला.’

इथे थांबायचं. खरोखर थांबायचं, त्यांच्या तोंडून काहीतरी येईपर्यंत. ‘आपली ओळख नाही’ हे स्वतःहून सांगितलं की त्यांच्या मनातला पहिला प्रश्न, म्हणजे हा कोण, याला माझा नंबर कुठून मिळाला, तो निम्मा तिथेच सुटतो. नंबर कुठून मिळाला असं विचारलंच तर खरं सांगा: दुकानाच्या पाटीवरून, बिलावरून, ज्याने दिला त्याचं नाव घ्यायला त्याने परवानगी दिली असेल तर त्याच्या नावासकट. ‘सिस्टीममध्ये होता’ असं उत्तर दिलंत की तुम्ही संपलात. आणि ‘नंतर करतो’ ही सवड खोटी नको. ‘गडबड आहे’ म्हणाले तर ‘बरं, चार वाजता करू का?’ एवढं विचारून फोन ठेवा आणि चारलाच करा. त्या दुसऱ्या फोनला तुम्ही अनोळखी राहत नाही, सांगितल्या वेळेला फोन करणारा माणूस होता.

वेळेचं आणखी एक. बाजार समितीत लिलाव चालू असताना आणि त्यानंतर मोजमाप उरकेपर्यंत आडत्याला फोन करूच नका. तो वेळ गावागावात वेगळा असतो, साप्ताहिक सुट्टीही वेगळी असते. ज्या मार्केटला फोन लावायचे त्या मार्केटातल्या एखाद्या हमालाला किंवा चहावाल्याला आधी विचारून घ्या. मोजणी चालू असताना तुमचं बोलणं कितीही गोड असलं तरी ते कोणी ऐकत नसतं.

आता दुसरं बोलणं, फोन का केला त्याचं कारण. तुमच्या कागदावर कारण म्हणून तुमच्या दुकानाची थोरवी आहे. ती समोरच्याच्या काय कामाची? कारण त्याच्या काट्यातून काढा. तुम्ही या धंद्यात आहात, तेव्हा मी सांगते ते तुमच्या कारागिराकडून एकदा पडताळून घ्या. प्लॅटफॉर्म काट्याचा नेहमीचा एक दोष असतो: मधोमध ठेवलेलं वजन बरोबर दाखवतो, तेच वजन कोपऱ्यात ठेवलं की आकडा बदलतो. पोती आपटून, काट्यावर माणसं चढून, काटा फरपटत नेऊन हा फरक हळूहळू वाढतो. मालकाला तो दिसत नाही, कारण रोज कोणी कोपऱ्यात वजन ठेवून बघत नाही. पण हमाल घाईत पोतं ठेवतो ते काही दरवेळी मधोमध पडत नाही.

म्हणून दुसरं बोलणं:

‘शेठ, हंगाम लागायच्या आधी मंगळवारी आम्ही अमळनेरच्या मार्केटात काटे बघायला येतोय. तुमच्या मोठ्या काट्यावर मधोमध आणि चार कोपऱ्यांत वजन सारखंच येतं का, असं कधी बघितलंय का, एवढंच विचारायचं होतं.’

हे वाक्य तीन कामं करतं. तुम्ही काट्यातले जाणकार आहात हे न सांगता कळतं. ज्याचं उत्तर त्याला आवडीने द्यावंसं वाटेल असा प्रश्न त्याच्यापुढे येतो, कारण काटा त्याचा आहे. आणि तुम्ही मंगळवारी गावात येणारच आहात, केवळ त्याच्यासाठी जळगावहून यायचं ओझं त्याच्यावर पडत नाही. अर्थात मंगळवारी खरोखर जायचं असेल तरच असं म्हणा.

अमळनेरच्या धान्य आडत्याचं कारण नंदुरबारच्या मिरचीवाल्याला लागू पडणार नाही. तिथे ओल्या लाल मिरचीचं मोजमाप असतं, ओलावा असतो, तेव्हा काट्याच्या जोडणीत ओल जाऊन आकडा हलत राहतो का ते विचारा. जळगावच्या दालमिलमध्ये भुकटी आणि तुकडा प्लॅटफॉर्मच्या खाली जाऊन बसतो आणि काटा रिकामा असूनही शून्यावर येत नाही. खेडा खरेदीवाल्याचा काटा गाडीत हिंदकळतो, त्याला कोपऱ्यांचाच प्रश्न विचारा. फोनच्या आधी अर्धा मिनिट एवढाच विचार करायचा की या माणसाच्या काट्याला काय होत असेल.

आता तुमचा खरा प्रश्न. ‘आमचा माणूस ठरलेला आहे.’ अमळनेर-पारोळ्याकडे हेच ‘आमना माणूस शे भाऊ’ असं येईल. हे वाक्य ऐकलं की तुम्हाला वाटतं दार लागलं. तसं नसतं. बहुतेक वेळा तो माणूस तुमच्या सेवेला नकार देत नसतो, तो फोन संपवायचं सभ्य कारण देत असतो. गंमत म्हणजे ते कारण बरेचदा खरंही असतं. म्हणून त्याला खोडायला जाऊ नका, आणि शरणही जाऊ नका. आधी ते मान्य करा, मनापासून. मग तुमचं मागणं त्या माणसाच्या पोटावर येत नाही हे स्पष्ट करा. मग एकच प्रश्न विचारा, असा, की ज्याचं उत्तर त्यालाच माहीत आहे.

‘बरं आहे मग शेठ. ठरलेला माणूस असला की बरंच असतं, त्याला काट्याची सवय असते. त्याचं काम काढून घ्यायला मी फोन केला नाही. एकच विचारतो, भर हंगामात काटा बंद पडला तर तो त्याच दिवशी येतो का?’

आणि गप्प बसा. या गप्प बसण्याचं महत्त्व मी कितीही सांगितलं तरी कमी आहे. नवीन मुलं प्रश्न विचारतात आणि दोन सेकंदांत स्वतःच पुढचं बोलायला लागतात, ‘कारण आमच्याकडे चोवीस तासांत...’ झालं, प्रश्न वाया गेला. समोरचा शेठ त्या दोन सेकंदांत मागच्या कापसाच्या हंगामातला तो दिवस आठवत होता, तुम्ही त्याला आठवू दिलं नाही.

‘बरोबर आहे शेठ, पण आमची सेवा...’ असं मात्र बोलू नका. मान्य करून त्याच श्वासात उलटलात की मान्य केलेलं खोटं ठरतं. मान्य केलं की वाक्य संपवा. थोडं थांबा. मग प्रश्न नव्या वाक्यात येऊ द्या.

त्याच्या माणसाला नावं ठेवणं तर अजिबात नको. ‘तो कच्चं काम करतो’, ‘त्याच्याकडे परवाना तरी आहे का’ असलं काही. आपल्याकडे मार्केट लहान आहे. तुम्ही ज्याला नाव ठेवलंत तो काटेवाला संध्याकाळी त्याच शेठच्या गादीवर चहा प्यायला बसलेला असतो, कदाचित नात्यातलाही असतो. तुम्ही एकदोनदा वाद घातलात तेव्हा काय झालं असेल ते मला दिसतं: तुम्ही त्याची निवड चुकीची ठरवलीत, मग त्याला स्वतःच्या निवडीची बाजू घेणं भाग पडलं. त्या क्षणापासून काटा बाजूला राहिला.

प्रश्नाला तीन तऱ्हेची उत्तरं येतील. प्रत्येकाचं पुढचं बोलणं वेगळं आहे.

पहिलं: ‘हो, येतो ना. एका फोनवर येतो.’ मग तुमचं बोलणं असं: ‘मग माणूस चांगला आहे, सोडू नका. तो कधी बाहेरगावी असला आणि अडलं तर माझा नंबर असू द्या. आणि शेठ, एक सांगू का, हंगामाआधी प्लॅटफॉर्म वर उचलून खालचे दाणे आणि धूळ साफ करून घ्या, मग रिकामा काटा शून्यावर येतो का बघा. रामराम.’ संपलं. इथे आणखी ओढू नका. तुम्ही फुकट कामाची गोष्ट सांगितलीत आणि विकायचा हट्ट केला नाहीत. काही महिन्यांनी त्याच्या माणसाच्या घरी लग्न निघेल आणि काटा बंद पडेल, तेव्हा तो कोणाचा नंबर शोधेल याचा अंदाज करा. आणि फोन आला नाही तरीही तुमचं काही गेलं नाही.

दुसरं, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप: ‘येतो, पण एकदोन दिवस लागतात.’ किंवा नुसतं लांबट ‘येतोऽऽ’. इथे लगेच करारावर उडी मारायचा मोह होतो. नको. अजून एक प्रश्न: ‘मग त्या दिवशी माल कसा मोजता?’ तो सांगेल, शेजारच्याचा काटा आणतो, नाहीतर गाडी भुईकाट्यावर पाठवतो. ती अडचण त्याच्या तोंडून आली, तुमच्या नाही, हा फरक मोठा आहे. आता मागणं ठेवा: ‘शेठ, तुमचा माणूस आहे तसा राहू द्या. मंगळवारी मी तिकडे आहेच, दहा मिनिटं येऊन कोपरे बघून देतो, पैसे नाहीत. काटा नीट असला तर तसं सांगून जाईन. दुपारी मोजणी आटोपल्यावर येऊ का सकाळी?’

तिसरं: ‘तुम्हाला काय करायचंय?’ किंवा ‘सांगितलं ना, नको.’ हा दुसरा नकार. त्यावर फक्त: ‘बरं शेठ, त्रास दिला. रामराम.’ पहिल्या नकारानंतर एक प्रश्न विचारणं ही विचारपूस होते, दुसऱ्या नकारानंतर विचारलेला प्रश्न हा छळ होतो. आणि तो नंबर वहीत खोडा, म्हणजे पुढच्या महिन्यात दुकानातला दुसरा मुलगा त्याला पुन्हा फोन करणार नाही.

‘व्हॉट्सअपवर माहिती टाका’ हेही याच जातीचं वाक्य, फक्त जास्त सभ्य. ‘टाकतो. दुरुस्तीचं टाकू का वर्षाच्या देखभालीचं?’ एवढंच विचारा. ज्याला खरंच बघायचं असतं तो उत्तर देतो. दर फोनवर विचारलेच तर टाळाटाळ करू नका, ‘काट्याच्या क्षमतेवर आहे, शंभर किलोच्या एका काट्याचा एवढा’ असा खरा आकडा सांगा. दर लपवणाऱ्या माणसाला व्यापारी दुसऱ्यांदा विचारत नाही.

तुम्हाला एक हिशेब देऊन ठेवते, पण तो फोनवर फेकायचा नाही, काट्यापाशी गेल्यावर वापरायचा. समजा २० किलोचं लोखंडी वजन मधोमध ठेवलं, आकडा आला २०.०० किलो. तेच एका कोपऱ्यात ठेवलं, आला १९.९८. फरक २० ग्रॅम, कोणालाही क्षुल्लक वाटेल. पण त्या कोपऱ्याकडे ५० किलोचं पोतं पडलं तर त्याच प्रमाणात फरक साधारण ५० ग्रॅम. दिवसाला ४०० पोती अशीच पडली तर २० किलो माल. प्रत्यक्षात प्रत्येक पोतं त्याच कोपऱ्यात पडणार नाही, म्हणून २० किलो हा वरचा आकडा झाला, हेही त्याला प्रामाणिकपणे सांगा. आणि कोणत्या कोपऱ्यात कमी आणि कोणत्यात जास्त दाखवतो यावर नुकसान शेठचं की शेतकऱ्याचं ते ठरतं. शेतकऱ्याचं होत असेल तर एक दिवस तो दुसऱ्या काट्यावर मोजून येतो आणि चारचौघांत भांडण होतं. शेठला २० किलोपेक्षा ते भांडण जास्त महागात पडतं, हे त्याला तुम्ही सांगायची गरज नाही.

आता एक गोष्ट जी फोनवर करायचा मोह होईल आणि करू नये. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी करून घ्यायची असते, वैधमापनशास्त्र खात्याकडून, आणि पडताळणीचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावायचं असतं. तारीख उलटून गेलेले काटे मार्केटात असतात हे तुम्हालाही माहीत आहे. ‘शेठ, तुमचा शिक्का संपला असेल, साहेब आले तर दंड होईल’ असं बोलून फोन थोडा वेळ टिकतो खरा. पण अनोळखी माणसाने पहिल्याच फोनवर भीती घातली की शेठच्या मनात तुम्ही काटेवाले राहत नाही, साहेबाचे हस्तक होता. तारखेचा विषय भेटीत काढा, प्रमाणपत्र समोर भिंतीवर असताना. तेव्हा तो मदत वाटतो.

आणि ‘आम्ही शिक्का मारून देतो’ असं चुकूनही म्हणू नका. शिक्का तुम्ही मारत नाही. परवाना असलेला दुरुस्तीदार काटा दुरुस्त करतो आणि पडताळणीसाठी तयार करून देतो. सील तोडून दुरुस्ती केली असेल तर काटा वापरात आणायच्या आधी पुन्हा पडताळणी करावी लागते. फोनवर बोलताना ‘पडताळणीची धावपळ आम्ही करून देतो’ इथपर्यंतच जा, तेही मालक ती खरंच करत असतील तर.

मालकांच्याही कानावर एक घाला. ओळख नसलेल्यांना विक्रीचे फोन साध्या दहा आकडी मोबाइलवरून करणं ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमात बसत नाही. विक्रीच्या फोनसाठी दूरसंचार कंपनीकडे व्यवसायाची नोंदणी करून १४० ने सुरू होणारा नंबर घ्यावा लागतो, आणि ज्यांनी जाहिरातीचे फोन नको म्हणून नोंदवलंय त्यांना तोही चालत नाही. लोक १९०९ वर तक्रार करतात आणि तक्रारी साचल्या की नंबर बंद होतो. दुकानाचा जुना नंबर असा बंद झाला तर रोजच्या गिऱ्हाइकांचीही पंचाईत. म्हणून मालकांना दोन गोष्टी सुचवा. फोनची सुरुवात जुन्या बिलबुकातून करा: ज्यांनी कधी तुमच्याकडून काटा दुरुस्त करून घेतला, बॅटरी बदलून घेतली, त्यांच्याशी दुकानाचा व्यवहार झालेला आहे आणि ते ओळखतातही. आणि नव्या लोकांसाठी रीतसर नोंदणी करून घ्या. १४० चा नंबर बघून काही लोक फोन उचलणार नाहीत, हे खरं आहे. म्हणूनच उचलणाऱ्याला पहिल्या दहा सेकंदांत गाव, नाव आणि काटा हे तिन्ही कळले पाहिजेत.

भाषेबद्दल. तुम्ही पारोळ्याचे, म्हणजे अहिराणी तुमच्या घरची. समोरचा अहिराणीत बोलला तर तुम्हीही खुशाल अहिराणीत उतरा, ‘हा नाना, बठ्ठा कोपरा दखी लेतस’ म्हणायला काही हरकत नाही. पण सुरुवात तुम्ही करू नका. शहरातल्या एखाद्या शेठला ती सलगी वाटेल. आणि रावेर-यावलकडे लेवा बोली आहे, ती तुमची नाही, तर तिची नक्कल करू नका. साध्या मराठीत बोललेलं कोणाला खटकत नाही, उसन्या बोलीत बोललेलं लगेच ऐकू येतं. ‘सर’ सोडा. वय कळलं आणि आवाज मायाळू असला तर नाना, आप्पा, दादा. नाहीतर शेठ किंवा भाऊसाहेब.

हे सगळं पाठ करायला बसू नका. पूर्ण वाक्यं कागदावर लिहिलीत की पुन्हा वाचाल. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चारच गोष्टी लिहा: गाव-नाव-काटा, मंगळवार, कोपरे, त्याच दिवशी येतो का. मधले शब्द तुमचे तुम्हाला येतील, आणि प्रत्येक फोनला थोडे वेगळे येतील, तेच हवंय. मग दुकानातल्या कारागिराला तुमच्याकडे पाठ फिरवून बसवा आणि त्याला एकदा बोलून दाखवा. समोरासमोर नको, कारण तोंड बघून माणूस समजून घेतो. फोनवर फक्त आवाज असतो. जिथे तो ‘काय?’ म्हणेल तिथलं वाक्य लांब आहे, ते तोडा.

फोन करताना वहीत प्रत्येक नावापुढे एकच खूण करा: फोन कुठे तुटला. तुमचं नाव सांगायच्या आत तुटत असेल तर वेळ चुकतेय, नाहीतर तुम्ही घाईने बोलताय. कारण सांगितल्यावर तुटत असेल तर कारण त्याच्या काट्याचं नाही, ते बदला. ‘आमचा माणूस’ आल्यावर तुटत असेल तर बहुधा तुम्ही मान्य करून लगेच उलटताय, किंवा प्रश्न विचारून गप्प बसत नाही आहात. पंधरा-वीस फोन झाले की खुणा कुठे गर्दी करतात ते दिसेल, आणि तेवढंच दुरुस्त करायचं. सगळी स्क्रिप्ट एकदम बदललीत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

ज्यांनी ‘या’ म्हटलं त्यांची यादी आदल्या संध्याकाळी मालकांना दाखवा, प्रमाणित २० किलोचं वजन आणि एक ब्रश सोबत घ्या, आणि ज्याने दुपारची वेळ दिलीय त्याच्याकडे दुपारीच जा. काटा नीट निघाला तर फोनवर कबूल केलं होतं तसं त्याला सांगून पुढच्या गादीवर जा.